एसटीत रोज भेटणारा माणूस सारखा नंबर मागतोय. न दुखावता नाही कसं म्हणायचं?

सुरंगी
नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातली, चिपळूणला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी शृंगारतळीला एसटी पकडते. पुढे मार्गताम्हान्याला एक गृहस्थ चढतात, वय चाळिशीचं असेल. सुरुवातीला चांगलेच वाटले. श्रावणात गाडी खच्चून भरलेली असताना त्यांनी उठून मला जागा दिली होती. नंतर "कुठल्या तुम्ही, कोणाच्या" असं विचारणं झालं, तेही आपल्याकडे कोण विचारत नाही? पण गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी चार वेळा नंबर मागितला. म्हणतात, "गाडी लेट असली की कळवीन तुम्हाला."

पहिल्यांदा मी "बघू" म्हटलं. दुसऱ्यांदा "नंतर देते". तिसऱ्यांदा "फोन बिघडलाय" म्हणाले आणि नेमका पर्समध्ये आईचा फोन वाजला. ते हसले, मी मान खाली घातली. काल त्यांनी स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "टाका तुमच्याच हाताने."

त्यांनी वाईट शब्द काढलेला नाही की हात लावलेला नाही. शिवाय गाडी तीच, रस्ता तोच, आणि माझ्या बाबांचं दुकान त्यांना माहीत आहे. म्हणून भांडण नको आहे, पण नंबरही द्यायचा नाही. मला नेमकी वाक्यं सांगा. "खंबीर राहा" एवढ्यावर माझं काम होत नाही, कारण ऐन वेळी तोंडातून "बघू" हेच येतं.

कातळसडा
ताई, डीएनडी चालू करा. `START 0` असा एसएमएस 1909 वर पाठवायचा. मी केल्यापासून कर्जवाले आणि प्लॉटवाले यांचे फोन खूप कमी झाले.

सुरंगी
दादा, ते जाहिरातींच्या फोनसाठी झालं. इथे माणूस समोर बसलेला असतो आणि नंबर अजून त्याच्याकडे गेलेला नाही. तो जाऊ नये म्हणून विचारतेय.

घाटमाथा
सोपं आहे. नंबर द्यायचा, शेवटचा आकडा बदलून. त्याचं समाधान होतं, तुमची सुटका होते. माझ्या बहिणीने दोनदा केलंय.

बापू_देवगड
घाटमाथा, हे करू नका, मी त्याच्या पलीकडच्या बाजूला होतो म्हणून सांगतो. माझं वय 67. तीन वर्षांपूर्वी तुतारी एक्सप्रेसने दादरहून येताना समोर एक मुलगी बसली होती. तिला आंब्याबद्दल बरंच विचारायचं होतं, गप्पा छान झाल्या. मी म्हटलं नंबर दे, दोन डझन पाठवतो. तिने दिला. आठ दिवसांनी फोन केला तर कुठल्या तरी बाईंनी उचलला. मला वाटलं आवाज ओळखता येत नाही, म्हणून परत केला. तिसऱ्यांदा त्यांच्या यजमानांनी उचलला आणि मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांची काहीच चूक नव्हती. त्यांच्या घरात माझ्यामुळे विनाकारण संशय शिरला.

त्या मुलीने तोंडावर "काका, मी नंबर देत नाही" म्हटलं असतं तर मला पाच मिनिटं अवघडल्यासारखं झालं असतं, बस. नकाराचं वाईट वाटलं नसतं. खोटं बोलली हे कळल्यावर वाईट वाटलं. तिच्या मनातली भीती मला तेव्हा दिसली नाही, आता दिसते.

सागरगोटा
बापूंचा अनुभव मोलाचा आहे. मी गणपतीपुळ्याला लॉजच्या काउंटरवर 14 वर्षं काढली, नंतर नवीन मुलींना काउंटर शिकवायचं काम माझ्याकडे आलं. सीझनला दिवसातून एकदा तरी कोणीतरी "मॅडम, तुमचा पर्सनल नंबर द्या ना" म्हणतं. गिऱ्हाईक दुखावलं तर मालक आमच्यावर चिडणार, आणि नंबर दिला तर रात्री अकराला मेसेज. म्हणजे सुरंगीचाच पेच.

आधी खोट्या नंबराचं. बापूंनी सांगितलं ते झालंच, पण तो आता टिकतही नाही. समोरचा तिथेच मिस्ड कॉल देतो, "आला का बघा." तुझ्या हातातला फोन वाजत नाही. फोन बिघडल्याचं उघडं पडलं त्याच्या दुप्पट शरम तेव्हा वाटते, आणि त्या शरमेतच मुली खरा नंबर सांगून मोकळ्या होतात. माझ्यासमोर दोघींच्या बाबतीत हे झालंय.

आता तुझी तीन उत्तरं बघ. "बघू", "नंतर देते", "फोन बिघडलाय". आपण कोकणातली माणसं नकार म्हणून "बघू" म्हणतो, पण ज्याला हवंय त्याला त्यात तारीख ऐकू येते. "नंतर" म्हणजे उद्या. फोन दुरुस्त झाला की नकार संपला. तू चार वेळा नाही म्हणालीस असं तुला वाटतंय. त्याच्या हिशोबात तू एकदाही नाही म्हणालेली नाहीस, उलट देणं बाकी ठेवलंयस. म्हणून तो परत परत मागतो आणि त्याला त्यात काही गैरही वाटत नसेल.

कारण दिलं की समोरचा त्या कारणावर काम करायला लागतो. बाबा ओरडतात म्हटलंस तर "मी बाबांशी बोलतो, ओळखतो त्यांना." चार्जिंग नाही म्हटलंस तर पॉवर बँक पुढे येईल. लग्न ठरलंय म्हटलंस तर "मी कुठे तसं विचारतोय?" म्हणून तूच वाईट विचार करणारी ठरतेस. त्यामुळे कारण द्यायचंच नाही. वाक्य एकच:

"नंबर मी कुणालाच देत नाही."

यातला "कुणालाच" हा शब्द सोडू नकोस. "तुम्हाला नाही देऊ शकत" म्हटलंस तर इतरांना देते, यांना नाही, असं होतं आणि अपमान तिथे लागतो. "कुणालाच" म्हटलं की तो तुझा नेम झाला. उपासाच्या दिवशी ताट पुढे आलं तर "मी खात नाही आज" म्हणतो, वाढणारा रागावत नाही, तसं.

सुरंगी
हे एकदा म्हणेन. पण ते लगेच "अहो पण का?" म्हणणार. मग?

सागरगोटा
मग तेच वाक्य, त्याच आवाजात. आवाज चढवायचा नाही आणि हसायचंही नाही. आपल्याला अवघडलं की हसू येतं, आणि समोरचा ते होकार म्हणून धरतो. मी मुलींना समोरासमोर बसवून हे करून घ्यायचे. एकीने मागायचं, दुसरीने सांगायचं. साधारण असं:

"अहो, गाडी लेट असली तर कळवीन म्हणून मागतोय."
"तुमचं लक्षात आलं. पण नंबर मी कुणालाच देत नाही."
"का, विश्वास नाही का?"
"नंबर मी कुणालाच देत नाही."
"एवढं काय त्यात? मी काय खाणार आहे का तुम्हाला?"
"दोनदा सांगितलं. आता परत विचारू नका."

आणि शेवटच्या वाक्यानंतर गप्प. खिडकीकडे तोंड, किंवा पर्समधून पुस्तक, किंवा उठून कंडक्टरच्या मागच्या सीटवर. ते वाक्य बोलून तू तशीच बघत बसलीस तर तो चौथं काहीतरी बोलणारच, कारण बोलणं अजून चालू आहे असं दिसतं.

"विश्वास नाही का" हा सगळ्यात वाईट प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला गेलं की आपण "नाही हो, तसं नाही" म्हणतो, आणि "तसं नाही तर मग द्या" म्हणून अडकतो. त्या प्रश्नाला हात लावू नकोस. "सॉरी" पण नको. सॉरी म्हटलं की तुझं काहीतरी चुकलं असं होतं आणि चुकीची भरपाई मागता येते.

त्याने फोन पुढे धरला तर तो हातात घेऊ नकोस. हे मी तळमळीने सांगते. फोन हातात आला की बोट आपोआप आकड्यांवर जातं आणि नकार देताना फोन परत करायचा अवघड प्रसंग वाढतो. हात पर्सवर ठेव, दोन्ही.

वेंगुर्ल्याची_नात
आमचं घरगुती खानावळ-राहण्याचं आहे, त्यामुळे नंबर बोर्डावरच रंगवलेला. मी वेगळंच केलं, बोर्डावर दुसरं सिम. तो फोन रात्री नऊला बंद होतो. कोणी पर्सनल मागितला तर "बोर्डावर आहे तोच" एवढंच. पण सुरंगीला हे लागू पडत नाही, तिचा काही धंदा नाही.

मला वेगळं सुचतंय. माझी आजी अशा वेळी सरळ विचारायची, "खयचो रे तू? कोणाचो?" एकदा घर आणि वाडी कळली की माणूस आपोआप जपून वागतो. सुरंगी, त्यांना पहिल्याच वाक्यात "काका" म्हण. "काका, मी नंबर कुणालाच देत नाही." नातं लागलं की बरंचसं तिथेच संपतं.

सागरगोटा
काका म्हणण्याबद्दल मी साशंक आहे. साठीच्या माणसाला चालतं. चाळिशीतल्याला "काका" म्हटलं की काहींना तो टोमणा वाटतो आणि "मी काय म्हातारा दिसतो का" म्हणून नवीन गप्पा सुरू होतात. "दादा" म्हटलं तर "दादा म्हणता आणि नंबर देत नाही?" हे मी स्वतः ऐकलंय. मी नुसतं "अहो" म्हणते.

वेंगुर्ल्याची_नात
तुमच्याकडे पर्यटक येतात, ते परत भेटत नाहीत. गावातल्या माणसाला नातं लावणं ही त्याला सन्मानाने मागे सरकायला दिलेली जागा असते. मी दादाच म्हणेन.

घाटमाथा
खोट्या नंबराचं मी मागे घेतो, बापूंच्या अनुभवाचा विचारच केला नव्हता. मग त्याचाच नंबर मागून घेतला तर? "तुमचा द्या, मी करेन." म्हणजे आपला जात नाही.

सागरगोटा
हे अर्धं बरोबर आहे. एकदाच भेटणाऱ्या माणसाला चालतं. रोज भेटणाऱ्याला चालत नाही. दुसऱ्या दिवशी "केला नाहीत फोन?" आणि तिसऱ्या दिवशी "आत्ताच एक मिस्ड कॉल द्या म्हणजे सेव्ह झालाय कळेल." नकाराऐवजी पुन्हा देणंच होऊन बसतं.

सुरंगी
एक सांगायचं राहिलं. परवा कंडक्टरकडे सुट्टे नव्हते, माझ्याकडे पाचशेची नोट. त्यांनी माझं तिकीट काढलं. मी जीपे करते म्हणाले, पण त्यांनी "राहू दे" म्हटलं. मला ते पैसे परत करायचेत, ओझं नको वाटतं.

सागरगोटा
रोख दे. नेमके तेवढेच, उद्याच सकाळी, कंडक्टर जवळ असताना. यूपीआय अजिबात नको. तुझ्या अ‍ॅपमध्ये प्रोफाइलवर जाऊन यूपीआय आयडी बघ. बऱ्याच जणांच्या आयडीत @ च्या आधी सरळ मोबाइल नंबरच असतो. तसा असेल तर पैसे पोचले की नंबरही पोचला. अ‍ॅपमध्ये नावाचा दुसरा आयडी बनवता येतो, तो बनवून ठेव. आणि पुढच्या वेळी सुट्ट्याची अडचण आली तर कंडक्टरच्या मशीनवर क्यूआर आहे का विचार, आता बऱ्याच गाड्यांत चालतं.

तसंच गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं बघ. उत्सव समिती, महिला मंडळ, शाळेची माजी बॅच. त्यातल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. तो गृहस्थ किंवा त्याचा भाचा त्यातल्या एकात असेल तर तू एसटीत काय बोललीस याला अर्थ राहत नाही. प्रोफाइल फोटो फक्त कॉन्टॅक्ट्सना दिसेल असा ठेव आणि अनोळखी कॉल शांत करायची सोय आहे ती चालू कर, म्हणजे नंबर मिळाला तरी व्हॉट्सअ‍ॅपवरचा त्याचा कॉल वाजणार नाही.

काळाकोट
मी कोर्टात वकिली करते. या प्रकरणात आज पोलिसात जा असं म्हणत नाही, पण एक गोष्ट लक्षात असू द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 78 पाठलागाचं आहे. आधी ते भादंविमध्ये 354-ड होतं. त्यात स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवूनही पुरुष वारंवार तिचा पाठलाग करत असेल आणि वैयक्तिक संपर्क साधत असेल किंवा तसा प्रयत्न करत असेल तर तो गुन्हा आहे. पहिल्यांदा सिद्ध झाल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

"स्पष्ट" या शब्दावर सगळं अडतं. "बघू" आणि "फोन बिघडलाय" याला समोरचा वकील अनिच्छा म्हणू देणार नाही. सागरगोटा यांचं वाक्य नम्र आहे आणि स्पष्टही आहे, म्हणून मला ते पटतं. ज्या दिवशी म्हणाल तो दिवस, गाडी आणि शेजारी कोण होतं, एवढं डायरीत लिहून ठेवा. तो उतरून मागे यायला लागला किंवा लॅबच्या खाली उभा राहायला लागला तर तो नंबराचा विषय राहत नाही. तेव्हा 112.

बापू_देवगड
मुली, बाबांना आधी सांग. दुसऱ्याच्या तोंडून त्यांना कळू नये.

सुरंगी
बापू, तीच भीती आहे. बाबा म्हणतील नोकरी सोड. सांगायचं की नाही हे अजून ठरत नाहीये. आईला सांगितलंय.

बापू_देवगड
आईला सांगितलंस हे चांगलं झालं. माझा आग्रह नाही.

सुरंगी (नऊ दिवसांनंतर)
सांगायला आले. रविवारी आईला समोर बसवून दहा वेळा म्हटलं. आईने "विश्वास नाही का" विचारलं तेव्हा पहिल्या तीन वेळा माझ्या तोंडून "नाही हो" निघालंच. चौथ्यांदा जमलं.

सोमवारी गाडीत आधी तिकिटाचे पैसे हातात दिले. घेतले त्यांनी. रामपूर गेल्यावर विचारलंच, "मग आज देणार ना?" मी म्हटलं, "नंबर मी कुणालाच देत नाही." आवाज थरथरत होता, पण वाक्य पूर्ण झालं. ते म्हणाले, "मी काय परका आहे का?" परत तेच म्हटलं. मग म्हणाले, "फारच भाव खाता हो तुम्ही." हे ऐकून कान तापले, उत्तर द्यावंसं वाटलं. दोन्ही हात पर्सवर घट्ट धरले होते. "दोनदा सांगितलं, आता परत विचारू नका" म्हणून उठले आणि कंडक्टरच्या मागच्या सीटवर एका काकूंशेजारी बसले. काकूंनी काही न विचारता पिशवी मांडीवर घेऊन जागा केली.

मंगळवारी आणि बुधवारी त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. दोन दिवस वाईट वाटलं, त्यांनी जागा दिली होती ते आठवत राहिलं. गुरुवारी "गाडीला गर्दी आहे आज" एवढंच म्हणाले, मी "हो" म्हटलं.

पण शुक्रवारी लॅबमध्ये कोणीतरी फोन करून माझं नाव घेऊन मोबाइल नंबर मागितला. रिसेप्शनच्या मुलीने दिला नाही, नशीब. तेच होते का माहीत नाही, नाव सांगितलं नाही.

सागरगोटा
थरथरत म्हटलेलंही चालतं, त्याला वाक्यच ऐकू आलं. दोन दिवसांचा अबोला हे ठीक आहे, तो माणूस आपली लाज गिळत होता. गुरुवारी साधं बोलला आणि तू साधं उत्तर दिलंस, तेही बरोबर.

लॅबचं मात्र नशिबावर ठेवू नकोस. मालकांना सांग की स्टाफचा वैयक्तिक नंबर फोनवर कोणालाही द्यायचा नाही, घरचा आहे म्हटलं तरी. रिसेप्शनने म्हणायचं, "निरोप सांगा, तिला देते," आणि नाव, वेळ वहीत लिहायची. आमच्या काउंटरवर अशी वही होती. निरोप खरा असेल तर माणूस ठेवतो, नसेल तर फोन ठेवतो.

काळाकोट
शुक्रवारच्या फोनची वेळ आजच लिहून घ्या. लॅबचा लँडलाइन असेल तर कॉलर आयडी आहे का बघा. त्याच माणसाचा निघाला तर सोमवारचं तुमचं वाक्य आणि हा फोन, दोन्ही एकत्र धरले जातील.

घाटमाथा
आणि तो नव्हताच, दुसराच कोणी असला तर?

काळाकोट
तर त्याच्यावर आळ येणार नाही. म्हणूनच आधी वेळ आणि नंबर, नाव नंतर.

सुरंगी
लँडलाइनला कॉलर आयडी नाहीये. मालकांशी उद्या बोलते. वही रिसेप्शनवाल्या मुलीने आजच केली, जुन्या रिपोर्ट रजिस्टरच्या मागच्या पानांवर. पहिली नोंद शुक्रवारचीच आहे, साडेअकराची.